काज-बटनाचा खर्च

अय्यूब टेलरचं माझ्यावर प्रेम होतं आणि माझ्या अक्षरावर त्याहून जास्त. त्याला उर्दू वाचता यायचं, मोडकंतोडकं लिहिता यायचं, पण हिशेब म्हटला की तो मराठीतच हवा, आणि तोही गुर्जींच्या हातचा. वणीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी प्राथमिक शाळेतला मास्तर. सरकारचं उरलंसुरलं काम जसं मास्तरच्या अंगावर पडतं, तसं गल्लीचंही पडायचं.

एकसष्ट सालच्या जानेवारीच्या सुरुवातीला अय्यूबला मुलगी झाली. आठव्या महिन्यातली, मुठीएवढी. पंधरवड्याने तो कोरा कागद घेऊन आला आणि मला ओढतच आपल्या घरी घेऊन गेला.

"गुर्जी, बजेट करून द्या. सरकार करते ना, तसं."

"काहून? एकाएकी?"

"बायको म्हणते, पोरगी बसायला लागेस्तोवर सुईले हात लावत नाही. मी म्हटलं, नको लावू! तू कामावर होती कुठं? मी कमावतो, घर चालते. तरी एक बार कागदावर पाहून घेऊ."

शहनाजभाभी दारावरच्या पडद्याआड होत्या. अय्यूब शिवायचा बाजारातल्या भाड्याच्या दुकानात, आणि संध्याकाळी कपड्यांचं गाठोडं घरी यायचं. शर्टाची काजं, बटनं, पायजम्याची तुरपाई हे सगळं भाभी हाताने करायच्या. सकाळी गाठोडं तयार. अय्यूबच्या हिशेबी ते आपोआप व्हायचं, जसं पीठ जात्यातून पडतं. न्हाव्याच्या दुकानात तो छाती फुगवून सांगायचा, "आपल्या घरी एकटा मर्द कमावते, बायको आरामात बसून राह्यते." मीही मान हलवायचो. नाही म्हणायची माझी काय बिशाद!

मी लिहायला बसलो. महिन्याला साठ शर्ट, दीड रुपयाप्रमाणे नव्वद. चाळीस पायजमे, बारा आण्यांप्रमाणे तीस. आवक एकशे वीस.

"आन शहनाजभाभीची?" मी विचारलं.

"शून्य. तेच तं सांगून राह्यलो. शून्यातून शून्य गेलं तं काय कमी होते? तुम्ही तं गणित शिकवता."

मग खर्च. दुकानाचं भाडं बारा, घराचं आठ, दोरा-बटन-तेल पंधरा, किराणा आणि ज्वारी पन्नास, गोश्त दहा, बोरी अरब गावी राहणाऱ्या बापाला आठ. शेवटी तो जरा अडखळला आणि म्हणाला, "चहा, पान, बिडी... लिहा बारा." बेरीज एकशे पंधरा. उरले पाच. अय्यूबने पडद्याकडे अशी नजर टाकली की जणू दिल्लीत त्याचंच बजेट मंजूर झालं.

"दूध लिवलं का?" पडद्याआडून आवाज आला.

"दूध तं येतेच घरात," अय्यूब म्हणाला.

"येते म्हणजे? म्हैस आपल्या पायानं येते का?"

मग कळलं ते असं. कपड्यांच्या कातरणीतून भाभी पोरांची टोपडी आणि झबली शिवायच्या, ती शेजारच्या बायका चार-चार आण्यांना घेऊन जायच्या, आणि त्या पैशांतून दूध आणि घासलेट यायचं. महिन्याचे सात रुपये. अय्यूबच्या खिशाला ह्याचा पत्ताच नव्हता.

"दूध कोणाकडून घेता?" मी सहज विचारलं.

"तुमच्याच घरून, मास्टरजी. वच्छलाबाई देते."

आमच्या म्हशीचं दूध माझी बायको विकते हे मला माहीत होतं, पैसे कुठे जातात हे मी कधी विचारलं नव्हतं. आमच्या घरात साखर येतेच, एवढंच मला माहीत. मी घाईघाईने कागदावर 'दूध, घासलेट: सात' असं लिहिलं आणि अय्यूबकडे पाहायचं टाळलं.

"आन काज-बटन कोण करणार?" पडद्याने पुढचा प्रश्न विचारला.

"हुस्नाबी हाय ना. तिले देऊ," अय्यूब म्हणाला, पण आवाज जरा उतरला होता.

हुस्नाबी चार घरांची काजं करणारी विधवा. शर्टाला चार आणे, पायजम्याला दोन. साठ शर्टांचे पंधरा, चाळीस पायजम्यांचे पाच. मी बेरीज केली. दुधाचे धरून सत्तावीस. उरत होते पाच.

"बावीस कमी पडतात, अय्यूबभाई."

"शून्य गेलं तं बावीस कसे कमी पडतील?" तो खरोखर रागावला, आणि माझ्या हातून कागद घेऊन उलटा धरून पाहू लागला.

तरी त्याने हुस्नाबीला काम दिलंच. मर्दाची जबान होती. पण हुस्नाबीचं मोतीबिंदूचे डोळे आणि चार घरांचं काम. शर्ट चार-चार दिवस अडकायचे. एका शर्टाची काजं बायकांच्या कपड्यासारखी उजव्या बाजूला निघाली. तो शर्ट तहसीलच्या कारकुनाचा, त्याने दुकानात भर बाजारात अय्यूबला विचारलं, "हा शर्ट माझा हाय का माझ्या बायकोचा?" महिना संपता संपता सात गिऱ्हाइकं समोरच्या टेलरकडे गेली, आणि हुस्नाबीचे वीस रुपये मात्र देणं म्हणून डोक्यावर राहिले.

फेब्रुवारीच्या मध्याला रमजान लागणार होता. टेलरचा वर्षाचा धंदा ह्याच महिन्याचा. शंभर शर्ट येतात, कोणी चार आणे जास्त देतो. हुस्नाबीने आधीच सांगितलं, रमजानात शर्टाला सहा आणे लागतील. अय्यूब माझ्याकडे आला आणि ओट्यावर बसला. म्हणाला, "गुर्जी, तुम्ही तिले सांगा ना. रोज पाच-सहाच शर्टाचे काज. पोरगी निजते तेव्हा. तुमचं आयकंल ती."

मला नाही म्हणायला हवं होतं. पण मास्तरला उपदेश करायची संधी सोडवत नाही. गेलो, पडद्यापुढे बसलो आणि नीट पायरीपायरीने समजावलं: आवक, खर्च, रमजान. माझं व्याख्यान चांगलं झालं होतं, मलाच आवडलं.

मग भाभी बोलल्या. घरात त्या उर्दूत बोलत, माझ्याशी आमच्या बोलीत.

"मास्टरजी, दोन साल पहिले रमजानात आमचा पोरगा गेला. तुमी होते ना मय्यतीले?"

होतो.

"तापानं फणफणला होता. मांडीवर शर्ट होता. मी म्हणत होती, ह्या एका बाहीचं काज-बटन झालं की घेतो उचलून. मग दुसरी बाही. त्या सालात एकाही गिऱ्हाइकाचं काम थांबलं नाही. सगळ्यांच्या अंगावर ईदले नवे कपडे होते."

त्या रडल्या नाहीत. आवाज नेहमीचाच होता, म्हणून मला जास्त लागला. पोरगा गेला तो तापाने, बाहीमुळे नाही, हे मला सांगता आलं असतं, आणि डॉक्टरांनीही तेव्हा तेच सांगितलं होतं. अय्यूब दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

"शिवू नको," तो म्हणाला. "एकही नको शिवू."

बाहेर आल्यावर त्याने परत तोच कागद काढून माझ्या हातात दिला. आम्ही ओट्यावरच बसलो. मला वाटलं आता हा बापाचे आठ कापेल, गोश्त कापेल. त्याने पहिल्यांदा स्वतःच्या चहा-पान-बिडीवर बोट ठेवलं. "हे काढा. रोजे लागतेच, चहाची आदत आपसूक सुटते." बारा गेले. मग बोट वर नेलं, दुकानाच्या भाड्यावर, आणि तिथे बराच वेळ ठेवलं. बाजारातलं ते दुकान म्हणजे त्याचं नाव होतं. पाटीवर 'अय्यूब टेलर मास्टर' असं मीच रंगवून दिलं होतं.

"हेही काढा," तो म्हणाला.

मशीन घरी आली. न्हाव्याच्या दुकानात बातमी पसरली की अय्यूबचं दिवाळं निघालं. समोरच्या टेलरने तर चहा पाजून सांत्वन केलं, आणि रोजा सुरू व्हायला दोन दिवस होते म्हणून अय्यूबला तो प्यावाही लागला. शर्ट त्याने पन्नासच घेतले. काजं स्वतः करायला लागला. पहिल्या दहा शर्टांत सुई कापडात कमी आणि बोटात जास्त गेली. भाभी पडद्याआडून सांगायच्या, "टाका मोठा हाय. उसवा." आणि हा वणीचा टेलर मास्टर मुकाट्याने उसवायचा.

कागदावर मी पुन्हा बेरीज केली. पन्नास शर्ट, चाळीस पायजमे: एकशे पाच. खर्च अठ्ठ्याण्णव, त्यात दूध धरून. उरत होते सात.

"सात?" अय्यूब म्हणाला. "आन पहिले?"

"पाच."

त्याने दोनदा माझ्याकडून बेरीज करून घेतली. मोठ्या दुकानात बसून, शंभर जणांना सलाम करून, बायकोला 'शून्य' म्हणून तो मिळवत होता पाच. अशा वेळी तो पान थुंकायला म्हणून उठायचा, पण पानाचे पैसेही कापलेले होते.

ह्याच सुमारास जनगणना आली, आणि अर्थातच ती मास्तरच्या गळ्यात पडली. फेब्रुवारीच्या शेवटी माणशी एक चिठ्ठी अशा फॉर्मांची पिशवी घेऊन मी अय्यूबच्या दारात गेलो. दुपारची वेळ. तो जमिनीवर बसून शर्टाची तुरपाई करत होता. पडद्याआडून पाळण्याची कुरकुर ऐकू येत होती.

अय्यूबची चिठ्ठी भरली: शिवणकाम, घरी. मग भाभींची.

"काम काय लिहू?"

अय्यूब सुई खाली ठेवून ताठ बसला. "लिहा नीट. काज, बटन, तुरपाई, टोपडे. माझ्यावून जास्त काम करते ती. मोठ्या अक्षरात लिहा."

नियम मला पाठ होता. "गेल्या पंधरा दिवसांत केलंय का?"

पडद्याआडून हसू आलं. "नाही मास्टरजी. सुईले हात नाही लावला."

मग मला दुसरा इलाज नव्हता. कमाईचं काम नाही, घरकाम, असं मी लिहिलं. अय्यूब भडकला.

"हे काय सरकार हाय? सात साल ती कामात बुडून होती, तवा तुमी आले असते तं मी स्वतः म्हटलं असतं, काही करत नाही. आन तुमी लिहिलंही असतं! आता मी खरं सांगून राह्यलो, तं तुमी पंधरा दिवस मोजता?"

दोन्ही वेळा कागदावर एकच अक्षरं उमटणार होती, आणि ती माझ्याच हाताची. मी खाली मान घालून तिसरी चिठ्ठी काढली. जनगणनेत तान्ह्या बाळाचीही चिठ्ठी भरावी लागते.

"मुलीचं नाव?"

अय्यूबने पडद्याकडे पाहिलं. सव्वा महिना होऊन गेला होता, पण घरात तिला मुन्नीच म्हणत. नाव ठेवायला भाभी तयार नव्हत्या. गेलेल्या पोराचं नाव सातव्या दिवशीच ठेवलं होतं. मी वाट पाहत बसलो, 'बाळ' लिहायची माझी तयारी होती.

पडदा थोडा हलला. भाभी मुलीला घेऊन उंबऱ्याजवळ आल्या होत्या. दुपट्याआडून एक बारीक मूठ बाहेर आलेली दिसत होती.

"शमसुन्निसा," त्या म्हणाल्या. "शमसुन्निसा लिवा."

मी लिहिलं. अय्यूबने सुई हातात घेतली, पण दोरा ओवायला त्याला दिसेना. मी पुढच्या रकान्याकडे आलो आणि सवयीनेच विचारलं, "काम?"

"तिचं काम?" अय्यूबने बाहीने डोळे पुसले. "ती मालकीण हाय, गुर्जी. कामाले तं आम्ही दोघं हाओत तिच्याकडं."

मी नियमाप्रमाणे रकान्यात 'तान्हे मूल' लिहिलं, चिठ्ठ्या मोजल्या आणि पुढच्या घराकडे निघालो. तीन भरल्या होत्या.