गोल केलेला कोपरा

सुताराची बायको जाऊन चार महिने झाले होते, आणि ती गेल्यापासून त्याच्या पायाची नखं कुणी कापली नव्हती.

तीस वर्षं ते काम तिचं. आठवड्याच्या सुट्टीला अंघोळ उरकली की ती त्याला खिडकीशी बसवायची, पाय स्वतःच्या मांडीवर ओढून घ्यायची आणि म्हणायची, "तुमची लाकडं बरी हो, गप्प पडून तरी असतात!" त्याला गुदगुल्या व्हायच्या. ती नखं सरळ कापायची, फळी कापावी तशी, आणि कोपऱ्यांना हात लावायची नाही. का, ते त्याने कधी विचारलं नाही. संसारात माणूस अशा किती गोष्टी न विचारताच उपभोगत असतो, आणि देणारा हात गेला म्हणजे मग हिशेब लागतो.

त्याला वाईट वाटत होतं असं म्हणता येणार नाही. रडू तर एकदाही आलं नव्हतं. सकाळी उठायचं, चहा प्यायचा, जिना उतरून खालच्या कारखान्यात जायचं, करवत चालवायची, संध्याकाळी जिना चढायचा. कुणी काही विचारलं तर "हो" किंवा "नाही" म्हणायचं. देवापुढे सून दिवा लावायची, तेव्हा हात जोडायचे. हात जोडले जायचे, एवढंच.

एका सकाळी उजव्या अंगठ्याच्या नखाने मोजा फाडला. तेव्हा तो एकटाच पाटावर बसला, नेलकटर घेतलं आणि नख कापलं. कापून झाल्यावर कोपऱ्याची धार बोटाला लागली. त्या दिवसांत त्याच्याकडे एका शाळेच्या चाळीस बाकांचं काम होतं, आणि मुलांना लागू नये म्हणून प्रत्येक बाकाचा कोपरा गोल करायचा होता. हाताला दुसरं काही सुचेना. त्याने नखाचे दोन्ही कोपरे आत खोलवर कापले, बारीक कानस घेतली आणि गोलाई मारली. बाक असता तर काम नामी झालं असतं.

आठ दिवसांनी अंगठ्याचा आतला कोपरा लाल झाला. बूट घातला की ठणका लागायचा. त्याने बूट घातला आणि काम केलं.

पॉलिशवाला त्याच्याकडे वीस वर्षं होता. त्याच्या नजरेतून चालण्यातला फरक कसा सुटेल? "दादा, डाव्या पायावर किती भार टाकताय! उजव्याला पगारी रजा दिलीय का?"

"बूट चावतोय."

"बूट चावतोय, की तुम्हीच बुटाला चावलात? काढा बघू." बूट निघाला, मोजा निघाला आणि पॉलिशवाला हसायचा थांबला. "अहो, टोमॅटो झालाय की. वहिनी असत्या तर..." त्याने वाक्य तिथेच सोडलं आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई!"

मुलगा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. घरात सासरा आणि सून, दोघंच. दोघांत भांडण नव्हतं, बोलणंही नव्हतं. मधली बोलणारी व्यक्ती गेली होती आणि ती जागा ओलांडून एकमेकांपर्यंत कसं जायचं, ते दोघांनाही कळत नव्हतं.

सून त्याला कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात घेऊन गेली. दुकानातल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून अंगठा पाहिला. "साखर आहे का?"

"नाही," सून म्हणाली. "वर्षापूर्वी तपासली होती."

"ताप? पू?"

"नाही."

"मग सध्या घरी बघा. कोमट पाण्यात थोडं मीठ, पंधरा-वीस मिनिटं पाय बुडवून बसायचं, दिवसातून तीन-चार वेळा. नंतर नीट कोरडा करायचा. बूट बंद, पुढून उघडी चप्पल. शेकल्यावर नख मऊ असतं, तेव्हा कोपऱ्याखाली स्वच्छ कापसाची बारीकशी वात सरकवायची आणि रोज बदलायची. आणि काका, कापायचं नाही हं. कितीही हात शिवशिवले तरी."

सुतार "हो" म्हणाला.

"आणि तू ऐक गं," बाई सुनेला म्हणाल्या. "पू दिसला, लाली बोटावरून पुढे सरकायला लागली किंवा ताप आला, तर माझ्याकडे यायचं नाही. मलम मागायचं नाही. थेट डॉक्टर."

सुनेने ते मनावर घेतलं. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ती प्लास्टिकचा टब घेऊन कारखान्यात उतरायची, पाणी आधी आपल्या कोपराने बघायची आणि खाली ठेवायची. तो पाय बुडवून समोरच्या फळ्यांकडे बघत बसायचा. वीस मिनिटं झाली की ती टॉवेल पुढे करायची आणि तो स्वतःच पुसायचा. सासऱ्याच्या पायाला सुनेने हात लावावा, हे त्याला पटत नव्हतं, आणि तिलाही आपणहून पुढे व्हायचा धीर होत नव्हता. कापसाची वातही तोच सरकवायचा. पोट आड यायचं, बोटं जाड, वात सरकायची नाही.

तीन दिवसांत लाली थोडी उतरली. ठणका मात्र होताच. चौथ्या दिवशी त्याला वाटलं, कोपरा अजून टोचतोय म्हणजे आत काहीतरी राहिलंय. त्याने धारदार पटाशी घेतली, चोरासारखी दारावर नजर ठेवली आणि उरलेला कोपरा आणखी खोल कापला. रक्त आलं, ते चिंधीने पुसलं, वर मोजा चढवला आणि सुनेला सांगितलं, टब ठेवून जा, शेक माझा मी घेईन. बाईंना दिलेला शब्द त्याला आठवला नाही असं नाही. आठवला आणि निघून गेला, हल्ली सगळंच जात होतं तसा.

दोन दिवसांनी मोज्याला पिवळा डाग लागला. नखाच्या कडेला मांस फुगून आलं होतं आणि दाबलं की घट्ट पिवळा पू येत होता. तो त्याच्याकडे बघत बसला. ओल्या लाकडातून चीक येतो, त्याला वेळ द्यावा लागतो, मग लाकूड आपोआप सुकतं. नासकं बाहेर पडतंय, बरंच आहे, असं त्याने ठरवलं. शिवाय डॉक्टर म्हणजे तोच रस्ता, तोच लांब बाक, जिथे बायको आत असताना तो अकरा दिवस बसला होता. भीती वाटत होती का? तेही नाही. तिकडे जावं असं वाटत नव्हतं, आणि अंगठ्याचं काही झालं तरी त्याला काय होणार होतं, असंच वाटत होतं.

त्याने मोजा धुतला आणि गच्चीवर वाळत घातला.

संध्याकाळी सून तो मोजा हातात धरून खाली आली. "बाबा, हा कुणी धुतला?"

"मी."

"तुम्ही?" तिने मोजा उलटा करून बघितला. "या घरात सात वर्षं झाली मला. तुम्ही रुमालसुद्धा कधी पाण्यात बुडवलेला पाहिला नाही. आईंनी तरी पाहिला असेल का देव जाणे."

"डाग होता."

"कसला?"

पॉलिशवाल्याचा ब्रश थांबला.

"पाय दाखवा."

"काही नाही गं. वाहून जातंय. बरं होईल."

"बाबा, पाय दाखवा." तिचा आवाज चढला नव्हता, पण तो आवाज त्याने आधी ऐकला नव्हता. त्याने चप्पल काढली, मोजा उतरवला. लाली अंगठ्याच्या सांध्यापर्यंत गेली होती आणि पावलावर एक बोटभर पुढे सरकली होती. सून खाली बसली. हाताच्या पाठीने तिने त्याचा पाय चाचपला. पाय तापला होता.

"दुकानातल्या बाई मला काय म्हणाल्या होत्या?" ती म्हणाली. "आईंना धाप लागली त्या संध्याकाळी मी म्हटलं होतं, उद्या सकाळी दाखवू. मी म्हटलं होतं, बाबा. तुम्ही नाही, मी. आता मी उद्या म्हणणार नाही. उठा."

सुताराने तिच्याकडे पाहिलं. चार महिने ही मुलगी हे उराशी घेऊन याच जिन्यावरून चढत-उतरत होती, आणि त्याला पत्ता नव्हता. तो उठला.

"मी रिक्षा बघतो," पॉलिशवाला म्हणाला आणि हात न धुताच धावला.

दवाखाना लहान होता, दुसऱ्याच रस्त्यावरचा. डॉक्टरीणबाईंनी अंगठा पाहिला, पेनने लालीच्या कडेने रेघ ओढली आणि विचारलं, "कुणी कापलं हे?"

"मीच."

"कशाने?"

"पटाशीने."

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. "काका, मी कधी तुमची टेबलं दुरुस्त करायला आले का?"

सून हसली नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बोटाला टोचून साखर बघितली, ती ठीक निघाली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मग अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी भूल दिली. "हे मात्र झोंबेल." झोंबलं. नंतर अंगठा त्याचा राहिला नाही, परक्याच्या पायाला लावल्यासारखा दिसायला लागला. बाईंनी नखाची एक उभी पट्टी मुळापर्यंत कापून ओढून काढली. तिच्या टोकाला एक बारीक टोकदार काटा होता. तो त्यांनी चिमट्यात धरून उजेडात दाखवला.

"हा राहिला होता आत. कोपरा गोल कापला की कड दिसेनाशी होते, संपत नाही. नख वाढतं आणि ही टोकदार कड मांसात घुसते. शेकून सूज उतरते, पण पू झाल्यावर नुसत्या शेकण्यावर राहायचं नाही. आणखी चार दिवस थांबला असता, तर ही लाली घोट्यापर्यंत गेली असती, आणि मग मी तुम्हाला घरी सोडलं नसतं."

गोळ्यांची चिठ्ठी सुनेच्या हातात पडली. "ही पेनची रेघ पुसू नका. लाली रेघेबाहेर गेली किंवा ताप आला, तर लगेच या. आज पाय उशीवर, उंच. उद्या संध्याकाळी पट्टी बदलायची. चिकटली असेल तर स्वच्छ कोमट पाण्याने भिजवून हलकेच सोडवायची. हे काम त्यांना करू देऊ नका."

भूल दोन तासांनी उतरली, तेव्हा ते घरी होते. आधी मुंग्या आल्या, मग ठणका सुरू झाला, नाडीबरोबर वर-खाली होणारा. सुनेने विचारलं, "दुखतंय?"

"हो," तो म्हणाला. "खूप दुखतंय गं." त्याचे डोळे भरून आले. ते अंगठ्यासाठी होते की कशासाठी, ते तिने विचारलं नाही. गोळी दिली, पाण्याचा पेला धरला आणि उशी आणखी थोडी वर सरकवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाली रेघेच्या आत आलेली होती. सून वाटीत पाणी, कापूस आणि नवी पट्टी घेऊन पलंगाशी बसली आणि थांबली, नेहमीसारखी, त्याने पुढे व्हावं म्हणून.

सुताराने पाय उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"त्या संध्याकाळी," तो म्हणाला, "मीसुद्धा उद्याच म्हटलं होतं. तू म्हणायच्या आधी, मनात. तुझं एकटीचं नव्हतं ते."

तिची बोटं थांबली. मग तिने कापूस पाण्यात बुडवला, पिळला आणि चिकटलेल्या पट्टीवर ठेवला.

"हलू नका हं, बाबा," ती म्हणाली.