कोरी चिठ्ठी

छापून निघालेले कागद त्याने दोनदा वाचले आणि मग उठून हात धुतले. कागदांना काही लागलेले नव्हते, तरी धुतले.

तो ज्या लहानशा कचेरीत काम करी, तिथे समारंभांसाठी खेळ तयार होत. एकच खोली, कापायचे टेबल, पत्त्यांचे कोपरे गोल करायचे यंत्र आणि खिडकीशी त्याची खुर्ची. चारचौघांत तोंड न उघडणारा हा मुलगा चारचौघांना बोलते करण्याचे उद्योग करतो, याची घरात थट्टा होई. त्याचे नावच ‘घुम्या’ पडले होते. पण ताईचे लग्न ठरले, लग्नाआधी दोन्ही घरे एका दुपारी भेटणार असे ठरले, तेव्हा खेळाचे काम आपसूक त्याच्या गळ्यात आले. माणसे एकतीस; सर्वांत धाकटे सहा वर्षांचे, सर्वांत थोरल्या आजी त्र्याऐंशीच्या.

खेळ त्याने मन लावून रचला होता. प्रत्येक माणसाच्या नावाने एक चिठ्ठी. वर त्याच्याच घरच्यांनी लिहिलेली त्याची खोडी, आत दुमडलेले नाव. एका घरची चिठ्ठी दुसऱ्या घराने वाचून माणूस ओळखायचा. ज्याची खोडी निघेल, त्याने आपल्याच घरच्यांना एक कामगिरी सांगायची: मिनिटाभरात संपणारी, खुर्चीत बसूनही जमणारी, कुणाला हात न लावता होणारी. म्हणजे चिडवणाऱ्याला लगेच परतफेड. शिवाय प्रत्येकाजवळ एक ‘माफ’ पत्ता. तो टाकला की कामगिरी माफ, कारण विचारायचे नाही. लाजणाऱ्या मुलांसाठी आणि थकलेल्या आजींसाठी त्याने तो ठेवला होता. स्वतःसारख्यांसाठीही.

खोड्या दोन्ही घरांकडून त्याने फोनवर मागवल्या होत्या. आता मुलाकडच्या एकोणीस खोड्या समोर होत्या आणि त्यांतल्या चौदा एकाच बाईच्या होत्या.

ती मुलाची आत्या. लग्न न केलेली, भावाच्या घरी राहणारी. आमची आत्या झोपताना बिस्किटं मोजून ठेवते. आमच्या आत्याच्या साडीला तेलाचा वास येतो, तरी ती पुढे पुढे करते. एकाने, अक्षरांच्या चुकांवरून पोरानेच, लिहिले होते की आत्या ताटात उरलेलं खाते आणि आम्ही तिला कुत्र्यासारखं यू यू करतो. त्याखाली हसणारी तीन तोंडे.

त्याने ते कचेरीच्या मालकीणबाईंना दाखवले, तर त्या कात्री न थांबवता म्हणाल्या, एका माणसाची एकच घे, त्यातली बरी निवड, बाकीची फेक. घरोघरी असंच असतं.

संध्याकाळी त्याने कागद ताईपुढे ठेवले. ती शांतपणे वाचत गेली. तिच्या कपाळावरची शीर तेवढी उठून दिसू लागली.

“आणि आपल्या घरचे?” तिने विचारले.

आपल्या घरचे त्याने अजून उघडलेच नव्हते. ते त्याला ठाऊक होते, असे वाटत होते. उघडले. बावीस खोड्यांपैकी सोळा आईच्या कमी ऐकू येण्याबद्दल.

“नमुना कोणी दिला होता रे, घुम्या?”

कागदाच्या माथ्यावर त्याचीच ओळ होती. लोकांना कळावे म्हणून त्याने एक उदाहरण दिले होते: ‘आमच्या आईला ऐकू येत नाही, तरी ती हसून हो हो म्हणते.’ लिहिताना त्याला ती ओळ प्रेमळ वाटली होती. आता ती कुणीतरी भिंतीवर थुंकून ठेवावे तशी वाटली. त्याने वाट दाखवली होती. घरातले सर्वांत मऊ माणूस शोधा, असे सांगितले होते, आणि दोन्ही घरे आज्ञाधारकपणे त्या वाटेने गेली होती. किळस आता नेमकी कुणाची करावी, हेच त्याला उमगेना.

त्याने सगळे फाडले आणि नवा नियम पाठवला. खोडी काढायची ती माणसाच्या ऐटीची. ज्यात तो स्वतःला शहाणा समजतो, तीच गोष्ट लिहायची. शरीर, वय, खाणेपिणे यांवर काही नको. नमुन्यात स्वतःलाच घेतले: ‘हा खेळाचे नियम तासभर समजावतो आणि स्वतः खेळायला बसत नाही.’

दोन दिवसांत खोड्या आल्या आणि त्या खरोखर गोड होत्या. बाबा रस्ता चुकले तरी कुणाला विचारत नाहीत. आई कुणाचाही हिशोब तोंडी तपासते आणि चूक सापडली की गाणे गुणगुणते. मुलाकडच्या आजोबांना वाटते, फुले त्यांच्याशी बोलतात. एकतीस माणसांपैकी तीसजणांच्या.

आत्याची एकही नाही.

त्याने धीर करून होणाऱ्या दाजींना फोन लावला. ते दिलखुलास हसले. “आत्याची ऐट? अरे, तिला काय येतं ते... थांब, घरात विचारून पाठवतो.” त्यांनी पाठवले नाही. ज्या बाईच्या चौदा खोड्या एका रात्रीत सुचल्या होत्या, तिला काय चांगले येते हे सहाजणांच्या घरात कुणाला ठाऊक नव्हते. पहिल्या कागदांहून त्याला हे जास्त ओंगळ वाटले.

एकतीस माणसे, एकतीस चिठ्ठ्या. शेवटची त्याने कोरीच ठेवली आणि आत ‘आत्या’ लिहिले. नियमाला धरून आहे, असे त्याने स्वतःला सांगितले. खरे तर त्या लोकांची तोंडे उतरलेली त्याला पाहायची होती. त्या इच्छेचीही त्याला घाण वाटली, पण चिठ्ठी त्याने काढून घेतली नाही.

दुपारी सभागृहात खेळ रंगला. बाबांनी कामगिरी म्हणून काकांना पाच वाक्यांत घरचा पत्ता सांगायला लावला आणि काका तिसऱ्याच वाक्यात भरकटले. आजोबांनी नातवंडांना मिनिटभर झाडासारखे गप्प उभे केले. आईलासुद्धा हसून हसून ठसका लागला. मग ताईने चिठ्ठ्यांच्या भांड्यात हात घातला, चिठ्ठी उलटसुलट पाहिली.

“ही कोरी आहे.”

हशा पिकला. घुम्याच्या नावाने टोमणे झाले, एवढा खेळवाला आणि लिहायला विसरला. त्या गलक्यात दाराशी पाण्याचे पेले गोळा करणारी बाई वळली.

“मग ती माझी असेल,” आत्या म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. हरवलेली छत्री ओळखावी तशी तिने ती ओळखली.

ताईने घडी उलगडली, नाव पाहिले आणि मान डोलावली. “कामगिरी सांगा, आत्या.”

आत्याने हातातले पेले खाली ठेवले, पदराला हात पुसले. “माझ्या घरच्यांनी मिनिटभरात माझी चिठ्ठी लिहावी. मलाही कळेल.”

त्याने वाळूचे घड्याळ उलटे केले. मुलाकडच्यांनी पेन्सिली घेतल्या. वाळू पडत राहिली. कुणीतरी खाकरले. पोर आईच्या तोंडाकडे पाहू लागले. अर्धी वाळू सरली तेव्हा दाजींनी खिशातून ‘माफ’ पत्ता काढला आणि हसत टेबलावर टाकला. “नियम आहे ना, साहेब? कारण विचारायचं नाही.”

मग सगळ्यांचे हात सैल झाले. आजोबांचा पत्ता, काकूंचा, पोराचाही. त्यानेच गोल केलेले ते गुळगुळीत कोपरे एकावर एक पडत गेले. खरकटी पाने रचत जावीत तसा तो ढीग त्याला दिसला.

“चालतं हो,” आत्या म्हणाली आणि पुन्हा पेल्यांकडे वाकली. “खेळच आहे.”

ताई उठली. तिने आत्याच्या हातातून पेले काढून घेतले, दाजींच्या शेजारची आपली खुर्ची उचलून दाराशी नेली आणि आत्याला तिच्यात बसवले. स्वतः पायरीवर बसली.

“तुम्हीच सांगा. काय येतं तुम्हाला?”

“आठवावं लागेल गं,” आत्या म्हणाली.

दाजी तिकडून हाक मारत होते, अगं, पुढची चिठ्ठी काढ की, लोक खोळंबलेत. मुलाची आई म्हणाली की उशीर होतोय, कार्याच्या तारखेचंही बोलायचं आहे.

“तारखेचं आज नको,” ताई म्हणाली, तिकडे न पाहता. “घुम्या, घड्याळ उलटं कर. आणि संपलं की पुन्हा उलटं कर.”

त्याने घड्याळ उलटे केले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खेळात, पायरीवर, ताईशेजारी जाऊन बसला.