दोन डावे हात

ऑफिसात तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत, आणि ते तिला ठाऊकही होतं. महोत्सवाची कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्याआधी तिच्या टेबलावरून गेली नाही, असं गेल्या अकरा वर्षांत झालं नव्हतं. चाळणीतून गेलेल्या मजकुरात खडा राहत नाही, एवढाच त्या नावाचा अर्थ. तिला ते आवडायचं.

यंदाची पत्रिका बत्तीस पानांची होती. चाळणीची पद्धत ठरलेली. मधल्या दोन पानांवरचा मोठा तक्ता आधी वेगळा काढायचा, मग आतली वर्णनं, मग शेवटची कलाकार-परिचयाची पानं, आणि प्रत्येक कार्यक्रम तीनही ठिकाणी एकच गोष्ट सांगतो का ते बोट ठेवून बघायचं. कारण लोक तक्ता बघून येतात, वर्णन वाचून भांडतात आणि परिचय वाचून टाळ्या वाजवतात.

सकाळपासून नेहमीचेच खडे निघत होते. एके ठिकाणी ‘सायं. ४’, दुसरीकडे ‘१६.००’. रंगमंचाच्या प्रकाशयोजनेवर बोलणारे वक्ते तक्त्यात ‘डॉ.’ होते, परिचयात नव्हते. तिने फोन करून विचारलं. ते हसून म्हणाले, “प्रबंध अजून पूर्ण व्हायचाय. काढून टाका ते.” तिने काढलं.

मग ती अठराव्या पानावर आली. शनिवार, छोटं सभागृह, चार वाजता सावल्यांचा खेळ, चाळीस मिनिटं. ‘गेली तीस वर्षं एकहाती सादरीकरण,’ असं परिचयात लिहिलं होतं. शेजारी पडद्यामागून काढलेला फोटो. दिव्यासमोर कागदी पक्षी, आणि त्याच्या काड्या धरलेले दोन हात.

चाळणी पुढे जाणार होती, पण नजर तिथेच अडकली. तिने स्वतःचे हात वर केले, मुठी वळल्या, पुन्हा फोटोकडे बघितलं.

“ए, इकडे ये जरा,” तिने पलीकडच्या टेबलावरच्या डिझायनर मुलीला हाक मारली. “यातला डावा हात कुठला?”

डिझायनर वाकली. “हा.” मग थांबली. “आणि... हाही. ताई, दोन्ही डावेच आहेत!”

“फोटो उलटा तर नाही ना लावलास?”

“उलटा केला तर दोन उजवे होतील.”

आता मात्र चाळणीला चैन पडेना. तिने कपाटातून कलाकारांनी भरून दिलेले अर्ज काढले. रंगमंचावर काय काय लागेल ते कलाकार स्वतः त्यात लिहितात. सावलीवाल्यांच्या अर्जावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: दिवे दोन, खुर्च्या दोन, माइक एक, प्रवेशपास दोन. कालावधी, पंचावन्न मिनिटं.

पंचावन्न! तक्त्यात त्याच सभागृहात पाच वाजता समूहगान होतं. पडदा उतरवून गायकांच्या पायऱ्या मांडायला वीस मिनिटं तरी हवीत. म्हणजे गाणारे दारात उभे आणि आत अजून पडदा लटकलेला, अशी गत झाली असती.

ती संचालकांच्या खोलीत गेली. ते चहा पीत होते.

“सर, सावल्यांच्या खेळाची चाळीस मिनिटं कुठून आली?”

“गेल्या वेळच्या पत्रिकेतून. परिचयही तिथलाच. फोटो तेवढा नवा, अर्जासोबत आलेला. का?”

“गेल्या वेळी म्हणजे?”

“पाचेक वर्षं झाली असतील.” त्यांनी कप खाली ठेवला. “तुमचा चेहरा बघून वाटतंय, दुपारी छापखान्यात फाइल जाणार नाही.”

“जाईल,” ती म्हणाली आणि फोनकडे वळली.

फोन एका बाईने उचलला. आवाज इतका भरदार, की चाळणीने नकळत रिसीव्हर कानापासून दूर धरला. त्या सावलीवाल्यांच्या पत्नी होत्या.

“काकू, पत्रिकेसाठी विचारते. खेळ चाळीस मिनिटांचा की पंचावन्न?”

“पंचावन्न. ते बोलायचे तेव्हा चाळीसात संपायचा.”

“बोलायचे म्हणजे?”

“तीन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, ताई. आवाज गेला तो गेलाच. हात मात्र पूर्वीसारखेच चालतात.”

“मग खेळात बोलतं कोण?”

“आता कोण बोलणार? मीच. राजा मी, चोर मी, म्हातारी मी. आणि मधे पक्ष्याचा एक भाग मी नवा घातलाय, त्यात एक काडी माझ्या हातात असते. त्यानेच पंधरा मिनिटं वाढली.”

दुसरा डावा हात सापडला! चाळणीला अगदी हसू फुटलं. “मग तुमचं नाव कुठेच कसं नाही?”

“नको हो. खेळ त्यांचा, नाव त्यांचं. लोकांनी त्यांना बघायला यावं, मला ऐकायला नको. आहे तसंच राहू द्या.”

वेळ चुकली असती तर तिने न विचारता दुरुस्त केली असती. पण नाव ज्याचं त्याचं असतं. तिने जुना परिचय समोर ओढला. ‘एकहाती’ हा शब्द आता सरळसरळ खोटा होता, तो काढणं भाग होतं. पण त्या जागी काय लिहायचं?

तोवर ती तक्त्याकडे वळली. सावल्या शेवटी नेल्या तर? समूहगान हलवता येणार नव्हतं, त्यांच्या पेटीवाल्या बाई सव्वाचारपर्यंत मोठ्या सभागृहात साथीला होत्या. पण तिथलंच सहाचं प्रकाशयोजनेवरचं व्याख्यान चारला आणलं तर पाचचं अर्ध्या तासाचं गाणं जागच्या जागी राहत होतं, मग पडदा बांधायला अर्धा तास, आणि सहा ते सहा पंचावन्न सावल्या. समारोप सव्वासातला. शिवाय छोट्या सभागृहाच्या खिडक्यांना पडदे नव्हते. चारच्या उन्हात सावल्या दिसल्याच नसत्या. हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? वक्त्यांना पुन्हा फोन लावला. त्यांना तर आनंदच झाला, संध्याकाळची गाडी मिळणार होती.

तेवढ्यात ऑफिसच्या मोबाइलवर संदेश आला. काकूंच्याच नंबरवरून, पण लिहिणारे सावलीवाले होते.

“ती शेजारी रागावून बसली आहे. तिचं नाव घाला. तीन वर्षं मी हेच लिहून लिहून दाखवतोय, ती वाचतच नाही. अर्जही मीच भरला, दोन पास मुद्दाम मागितले. कुणीतरी विचारेल असं वाटलं होतं.”

चाळणीने संदेश दोनदा वाचला. मग काकूंना फोन केला. “काकू, त्यांचा निरोप वाचलात का?”

“वाचला,” भरदार आवाज जरा बसला होता. “आता अबोला धरलाय म्हणतात. त्यांचा अबोला कळणार कसा, ते मात्र सांगत नाहीत.” मग त्या स्वतःच हसल्या. “घाला. पण माझ्यावर एकच ओळ.”

सहाची नवी वेळ काकूंना चालणार होती; ती एक ओळ मात्र त्यांनी फोनवर चारदा बदलली. शेवटी ठरलं: दोघांची नावं शेजारीशेजारी, सावलीवाल्यांपुढे ‘बाहुल्या आणि दिवे’, काकूंपुढे ‘सर्व आवाज, आणि एक पक्षी’. ही दुरुस्ती आणि नवी वेळ तक्त्यात, वर्णनात, परिचयात आणि निवेदिकेच्या कागदातही गेली. डिझायनरने चारही जागा मोठ्याने वाचून दाखवल्या, तेव्हाच चाळणीने सही केली. फाइल साडेचारला छापखान्यात गेली.

शनिवारी ती छोट्या सभागृहात मागच्या रांगेत बसली. कार्यक्रम बघायला ती सहसा जात नसे; कागदावर बघितलेलं पुरे व्हायचं. बाहेर अंधारत आलं होतं. पडद्यावर पक्षी उडाला, आणि त्याने अशी शीळ घातली की पुढच्या रांगेतली मुलं वर छताकडे बघू लागली.

खेळ संपल्यावर ती पडद्यामागे गेली. सावलीवाले काड्या पुसून डब्यात ठेवत होते. काकू पाणी पीत होत्या.

“ती शीळ कशी काढता?” चाळणीने नमस्कार करायच्या आधीच विचारलं.

काकूंनी पेला खाली ठेवला. “जीभ वर टाळूला लावा. हं, अशी. आता हवा बाजूने सोडा.”

चाळणीने फुंकर मारली. फुस्स. सावलीवाल्यांचे खांदे हसण्याने हलायला लागले. त्यांनी एक खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि हाताने खूण केली: बसा, वेळ लागेल.