जोर आलेलं घड्याळ

अर्जुनरावांच्या पोस्टकार्डाला मुनव्वरनं अडीच महिने उत्तर दिलं नव्हतं. कार्ड दुकानातच होतं, भिंगाच्या डबीखाली दाबून ठेवलेलं. रोज सकाळी भिंग घ्यायला डबी उचलली की कार्ड दिसायचं, आणि रोज सकाळी मुनव्वर डबी पुन्हा त्यावर ठेवून द्यायचा.

कार्डावर मजकूर एवढाच होता: "श्री. मुनव्वरभाई यांस, स. न. वि. वि. आपण सर्व्हिसिंग केल्यापासून घड्याळात लई जोर आला आहे. दिवसाला वीस मिनिटं पुढं पळतं. एवढा जोर आमच्या लग्नात ते नवं होतं तेव्हाही नव्हता. काय केलंत ते कळवावं. आपला, अर्जुनराव, मु. पो. नांदूरघाट."

पोस्टमननं हे कार्ड अंबाजोगाईच्या बाजारातून चालत चालत वाचलं होतं आणि दुकानाशी पोचेपर्यंत त्याचं पाठ झालं होतं. "मुनव्वरभाई, जोर आला म्हणं!" असं ओरडतच तो पायरी चढला. संध्याकाळपर्यंत समोरच्या हॉटेलातली माणसं मनगट पुढं करून म्हणायला लागली, "चाचा, आमच्यात बी भरा की थोडा जोर."

मुनव्वर हसला. पण रात्री त्याला जेवण गेलं नाही. कारण अर्जुनरावांचं पत्र हा टोमणा आहे, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. नांदूरघाटचा शेतकरी, जुना माणूस, थेट शिवी कशाला देईल? सभ्य भाषेत जोडे मारलेत, एवढं त्याला कळत होतं.

त्यात घड्याळ पुढं पळणं हे दुखणं वाईट. घड्याळ मागं पडलं तर कुणी काही म्हणत नाही. तेल सुकलं, धूळ गेली, चावीची कमानी थकली, काहीही सांगता येतं. अर्जुनरावांचं घड्याळ संक्रांतीच्या आधी आलं तेव्हा असंच होतं. दिवसाला दहा मिनिटं मागं. चावी पूर्ण दिली तरी दुपारपर्यंत दम तुटायचा, खरं तर दीड दिवस चालायला हवं होतं. टेबलावर पालथं ठेवलं की चालायचं, उताणं ठेवलं की थांबायचं. चावी फिरवताना बोटाला कचकच लागायची, आणि काचेच्या आत पहाटे वाफ धरायची. "किती वर्षांत उघडलं नाही?" असं मुनव्वरनं विचारलं तेव्हा अर्जुनराव म्हणाले होते, "उघडायचं कावून? चालत होतं की."

तेव्हा मुनव्वरनं ते सगळं उघडलं होतं. आधी चावीचा ताण हळूहळू सोडला, कारण तो भरलेला असताना चाकं काढली तर दाते जातात. मग काटे, डायल, बॅलन्सचं चाक, चाकं धरून ठेवणारा एकेक पूल, एकेक चाक असं सगळं सुटं करून पांढऱ्या पेट्रोलमध्ये धुतलं. चाकांची टोकं बसतात ती माणकांची भोकं टोकदार काडीनं पुसली. चावीची कमानी डबीतून काढली तर तिला काळ्या गुळासारखं जुनं तेल चिकटलेलं होतं आणि ती वाकून गेली होती, ती नवीन घातली. मग जोडणी. तेल देताना सुईच्या टोकावर थेंबसुद्धा नको, थेंबाची आठवण पुरते. चाकांच्या टोकांना थोडं, बॅलन्सच्या टोकांना थोडं, आणि बॅलन्सवर बसणाऱ्या बालकमानीला मात्र अजिबात नाही. ही कमानी म्हणजे केसाइतकी बारीक, जिलबीसारखी गुंडाळलेली स्प्रिंग. तिच्यावर तेल गेलं की वेढे एकमेकांना चिकटतात, कमानी आखूड होते, आणि घड्याळ सुसाट पळायला लागतं.

हे शिकाऊ माणसाचं चुकणं. मुनव्वरला चव्वेचाळीस वर्षं झाली होती या कामात.

"हात थरथरला असंल," तो बायकोला, खतीजाला म्हणाला. "थेंब पडला असंल. मला दिसलं न्हाई."

"आठ दिवस दुकानात चाललं ना बरोबर?" खतीजा म्हणाली. "मग?"

"नंतर ओघळला असंल."

"तुमचं डोकंच ओघळलंय," असं म्हणून खतीजानं भाकरी उलटली.

पण मुनव्वरनं मनाशी ठरवून टाकलं होतं. ते घड्याळ उघडून पाहावं लागलं आणि कमानीवर तेल निघालं, तर दुकान कामरानच्या हवाली करायचं. कामरान म्हणजे त्याचा मुलगा, त्याला तिथं मोबाइलची कव्हरं विकायची होती आणि त्यानं फलकाचा रंगसुद्धा निवडून ठेवला होता. मुनव्वर पत्राला उत्तर देत नव्हता तो एवढ्यासाठी. उत्तर दिलं की घड्याळ येणार, घड्याळ आलं की उघडावं लागणार.

ते न बोलावता आलं. चैत्रातल्या एका दुपारी पांढऱ्या कोटातली मुलगी दुकानात शिरली आणि रुमालाची गाठ सोडून घड्याळ काचेवर ठेवलं.

"मी तेजश्री. नांदूरघाटच्या अर्जुनरावांची नात. इथं नर्सिंगला हाय. आजोबांनी इचारलंय, पत्राचं काय झालं?"

मुनव्वरनं कामरानकडं पाहिलं. कामराननं फलकाच्या जागेकडं पाहिलं.

"बस बेटी," मुनव्वर म्हणाला आणि भिंग डोळ्याला लावलं.

कामराननं ऑनलाइन मागवलेल्या चाल तपासायच्या मशीनवर घड्याळ ठेवलं, तर पडद्यावरच्या रेघा शिडी लावल्यासारख्या वर चढल्या. झाकण उघडलं. चाकं स्वच्छ, माणकं चकाकती, आणि बालकमानीचे दोन वेढे एकमेकांच्या गळ्यात पडलेले.

मुनव्वरनं भिंग काढलं. "तेलच," तो म्हणाला. "कामरान, तुझा तो फलक कोणत्या रंगाचा म्हणालास?"

"अब्बा, धुवून तर बघा."

बॅलन्स काढून त्यानं पेट्रोलमध्ये हलवलं, सुकवलं, पुन्हा भिंगाखाली धरलं. वेढे तसेच चिकटलेले. त्यानं परत धुतलं. परत तसेच. तिसऱ्यांदा धुवायला निघाला तेव्हा चिमट्यानं उचललेला एक स्क्रू चिमट्याला सोडेना. त्यानं तो झटकला, फुंकला, शेवटी टेबलावर घासून काढला, तर स्क्रू उडी मारून घड्याळाच्या कडेला जाऊन बसला.

"हे काय?" तेजश्री म्हणाली.

मुनव्वर उठला. दुकानाच्या मागच्या दारातून घरात गेला आणि भिंतीवरचं छोटं होकायंत्र घेऊन आला. त्याच्या मेहुण्यानं हजहून आणलेलं होतं. खतीजा मागं मागं आली. "अजी, नमाजाची दिशा बघायची चीज हाय ती! बाजारात कुठं नेता?"

"एक मिनिट," मुनव्वर म्हणाला आणि होकायंत्र घड्याळाशेजारी ठेवलं.

काटा निवांत उत्तरेकडं उभा होता. घड्याळ सरकवलं तसा तो दचकला, गर्रकन फिरला आणि नांदूरघाटच्या त्या घड्याळाकडं नाक करून थांबला. घड्याळ डावीकडं नेलं, काटा डावीकडं. उजवीकडं नेलं, उजवीकडं. हॉटेलातली चार माणसं चहाचे कप घेऊन पायरीवर जमली.

"चुंबक!" मुनव्वर ओरडला. "कमानीत चुंबक भरलंय! तेल न्हाई! खतीजा, तेल न्हाई!"

"मी काय म्हणत होते," खतीजा म्हणाली आणि आधी होकायंत्र ताब्यात घेतलं.

आता चुंबक आलं कुठून? "बेटी, आजोबा घड्याळ कुठं ठेवतात? टीव्हीपाशी? स्पीकरपाशी?"

"कुठंच न्हाई. हातातच. झोपतानाबी." तेजश्री थांबली. "पट्ट्याशेजारी."

"कोणता पट्टा?"

"चुंबकाचा. सांधेदुखीवरचा. आमच्या सुरजदादानं आणलाय, आता तर आजोबाच गावात वाटतात. चाळीस माणसांनी घातलाय. दुसऱ्या हातात गंडा हाय, म्हणून पट्टा अन् घड्याळ एकाच हातात." ती हसू दाबत म्हणाली, "लई गुण हाय म्हणतात. झोपताना अन् उठताना घड्याळ बघून वहीत लिहितात. पट्टा घातल्यापासनं रातची झोप सात मिनिटं वाढली."

मुनव्वरनं मनात हिशेब केला. चोवीस तासांत वीस मिनिटं, तर आठ तासांत जवळजवळ सात.

"मग रोज सकाळी घड्याळ रेडिओला लावतात का?"

"बातम्यांच्या टायमाला. म्हणूनच कळलं की वीस मिनिटं पळतंय. लई खूश हायेत. म्हणतात, मुनव्वरभाईच्या हाताला जादू हाय, म्हाताऱ्या घड्याळाला जवान केलं. फक्त एवढं इचारा, थोडं आवरता येईल का."

"खूश?" मुनव्वर म्हणाला. "पत्रात... खूश होते?"

"मग काय? पोस्टमनला रोज इचारतात, उत्तर आलं का म्हणून."

मुनव्वर स्टुलावर बसला. अडीच महिने तो एका कौतुकाच्या पत्राला घाबरून दबकत जगला होता. पायरीवरचा एकजण म्हणाला, "चाचा, आम्हाला बी पट्टा द्या, झोप वाढल." त्याला खतीजानं हाकललं.

चुंबक काढणं सोपं काम होतं. बॅलन्स परत बसवलं, चुंबक उतरवणाऱ्या निळ्या डबीची वायर लावली, बटण दाबून धरलं, घड्याळ डबीपासून हळूहळू हातभर लांब नेलं, मग बटण सोडलं. एकदा, दोनदा. वेढे सुटे झाले आणि कमानी छाती फुगवल्यासारखी श्वास घेऊ लागली. मशीनवरच्या रेघा आडव्या झाल्या. झाकण बंद करण्याआधी मुनव्वरनं ते तेजश्रीला दाखवलं, आणि दोन दिवस तपासायला ठेवतो, रविवारी गावी जाताना ने म्हणून सांगितलं.

"मग चिठ्ठी पण द्या, नेऊन देते," ती म्हणाली.

"तेवढं देतो," मुनव्वर म्हणाला.

"न्हाई, ऱ्हाऊ द्या," तिला आठवलं. "हातानं दिली तर आजोबा तिला उत्तर मानणार न्हाईत. पोस्टानं इचारलं, पोस्टानंच यावं लागंल."

ती गेल्यावर मुनव्वरनं लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर लिहिलं, "आपला पट्टा फेकून द्यावा." खोडलं. चाळीस माणसांच्या पुढाऱ्याला असं लिहितात का? दुसऱ्यावर लिहिलं, "पट्टा उत्तम आहे, परंतु." पुढं सुचेना. कामरान म्हणाला, "फोन करा ना अब्बा." त्याच्याकडं मुनव्वरनं पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या कागदावर बसला तेव्हा दुकान बंद करायची वेळ झाली होती.

"श्री. अर्जुनराव यांस, स. न. वि. वि. आपल्या पत्राचं उत्तर देण्यास अडीच महिने उशीर झाला. कारण मला वाटलं की बालकमानीवर माझ्या हातून तेल सांडलं, आणि तसं निघालं असतं तर मी दुकान बंद करणार होतो. तेल नव्हतं. आपल्या पट्ट्यातलं चुंबक घड्याळात शिरलं होतं, ते मी काढलं आहे. यापुढं पट्टा आणि घड्याळ एका हातात घालू नयेत. गंडा दंडावर बांधता येतो का, विचारून पाहावं. दोन-तीन वर्षांनी, किंवा त्याआधी घड्याळ मागं पडू लागलं अथवा रात्रीत थांबू लागलं, तर सर्व्हिसिंगला आणावं. आपण केलेल्या कौतुकाबद्दल आभारी आहे. आपला, मुनव्वर."

झोपेच्या सात मिनिटांबद्दल त्यानं काही लिहिलं नाही. खतीजानं विचारलं तेव्हा म्हणाला, "म्हातारा माणूस हाय. ती त्याच्याकडंच राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोस्टात गेला. कारकुनानं पोस्टकार्ड काढून समोर ठेवलं, पण मुनव्वरला चाळीस पट्टे आठवले, पोस्टमनचा आवाज आठवला. नांदूरघाटचा पोस्टमन असाच असणार.

"कार्ड नको," तो म्हणाला. "बंद करता येईल असं काहीतरी द्या."

कारकुनानं अंतर्देशीय पत्र दिलं. मुनव्वरनं तिथल्याच बाकावर बसून सगळा मजकूर पुन्हा सुवाच्य उतरवला, तिन्ही कडांना डिंक लावला, डिंकावर विश्वास न बसून वरून तळहातानं दोन मिनिटं दाबून धरलं, आणि बाहेर येऊन पत्र लाल पेटीत टाकलं.