कारभारी गुलाबसिंग

महागाव तालुक्यातल्या त्या तांड्यात नायकानंतर मान कारभाऱ्याचा. म्हातारे कारभारी थकले, जागा रिकामी झाली आणि संजय राठोडला वाटलं, की ती आपल्यासाठीच झाली आहे. तो बी.ए. होता. तांड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो समाजहितावर रोज लिहायचा. मजकुराच्या शेवटी 'पुढे वाचा' येई आणि पुढे कोणी वाचत नसे.

संजयने विचार केला, की शहाणपण उठून दिसायचं तर समोर एक मूर्ख हवा. खरे मूर्ख तांड्यात होते, पण ते वेळेवर उत्तर देत नसत.

त्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये 'ड्युअल अ‍ॅप' असं काहीतरी होतं. ते चालू केल्यावर पडद्यावर दुसरं व्हॉट्सअ‍ॅप उगवलं. हुबेहूब पहिल्यासारखंच, फक्त कोपऱ्यात बारीक खूण. त्याला स्वतःचा नंबर लागतो, म्हणून संजयने दुसरं सिम घेतलं, त्यावर आलेला ओटीपी टाकला, 'गुलाबसिंग, पुणे' असं नाव दिलं आणि ग्रुपच्या लिंकवरून गुलाबसिंग तांड्यात दाखल झाला.

हा कोण, असं कोणीच विचारलं नाही. उलट राजकुमार, जो ग्रुपचा अ‍ॅडमिन होता, त्याने लिहिलं, "लय दिवसांनी दिसला गड्या! तुह्या लग्नात जेवलतो मी."

ठरल्याप्रमाणे गुलाबसिंग मूर्खासारखं बोलू लागला. संजयने तांडाविकासाचा आराखडा टाकला, की गुलाबसिंग लिही, "आधी हापशी नीट करा." संजय मग त्याला चार परिच्छेदांत धुऊन काढी. अंगठे मात्र गुलाबसिंगला पडत. पुढल्या आठवड्यात हापशी दुरुस्त झाली आणि तांड्यात एकच चर्चा, "कारभारी करा तर गुलाबसिंगले."

संजय हादरला. आता गुलाबसिंगनेच माघार घ्यायला हवी होती. दुपारी वावरात तुरीच्या ओळीत उभं राहून त्याने घाईघाईत टाइप केलं, "संजयभाऊसारखा हुशार माणूस अख्ख्या तांड्यात नाही. मी त्याच्या पायाची धूळ." आणि पाठवलं.

पाठवल्यावर दिसलं, की खूण नसलेलंच अ‍ॅप उघडलं होतं. मेसेज संजयच्याच नावाने गेला होता.

त्याने तो लगेच डिलीट केला. पण 'सगळ्यांसाठी'ऐवजी 'फक्त माझ्यासाठी' दाबलं. खाली 'अनडू'ची पट्टी आली, ती वाचायच्या आत गेली. आता तो मेसेज जगात सर्वांना दिसत होता, फक्त संजयला नाही. तो पाहायला त्याला गुलाबसिंगच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जावं लागलं. तिथे तो ठणठणीत होता, आणि दुसऱ्याचा मेसेज पुसायचा अधिकार गुलाबसिंगला नव्हता.

राजकुमारने लिहिलं, "स्वतःच्याच पायाची धूळ? वाकला कसा लेका?"

संध्याकाळी कारभारी कोण ते ठरवायला भावसिंग नायकांनी बोलावणं धाडलं. दोन्ही बाजू समोर बसल्याशिवाय नायक निकाल देत नाहीत, ही तांड्याची रीत. एक बाजू संजय म्हणून ओट्यावर बसली. दुसरी पुण्यात, म्हणून राजकुमारने गुलाबसिंगला व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावला. संजयचा खिसा वाजू लागला.

"त्याचा फोन तुह्यापाशी कसा?" नायक म्हणाले.

संजयने हात जोडले. "नायकबाबा, गुलाबसिंग म्हणजे मीच हाव." त्याने फोन काढून दोन्ही व्हॉट्सअ‍ॅप दाखवली, सगळं समजावलं.

राजकुमार हसला. "वा रे शहाण्या! हापशी त्यानं नीट करवली अन् नाव तुले पाह्यजे? मी त्याच्या लग्नात जेवलो न!"

"अरे, लग्नच नाही झालं त्याचं! तो नाहीच!"

"असं अशुभ बोलू नको," नायक म्हणाले. त्यांनी फोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "एका फोनात दोन माणसं राह्यते म्हणतोस?"

"हो, नायकबाबा."

"भांडतेबी?"

"भांडते."

"मंग निकाल सोपा हाय. ज्याचं तांडा आयकतो, तो कारभारी. तो पुण्यातून येईपर्यंत काम तू करायचं. अन् एका फोनले ग्रुपात एकच जागा. राजकुमार, संजयले काढ."

राजकुमारने तिथल्या तिथे काढलं. गुलाबसिंगच्या स्क्रीनवर संजयला काढल्याची ओळ आली. संजयने ती वाचली आणि सवयीने खाली अंगठा दिला. कारभारीपद मिळालं होतं. फक्त त्याला नाही.

कारभाऱ्याचा फेटा त्याच्या डोक्यावर बांधताना नायक बजावत होते, "सांभाळून ठेव, त्याची अमानत हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन शेतकऱ्यांचं बांधाचं भांडण घेऊन राजकुमार दारात आला. "वहिनी, गुलाबसिंग कारभारी आले काय?"

संजयची बायको उज्ज्वला भाकर थापत होती. तिने मान वर केली नाही.

"दोघंबी वावरात गेले," ती म्हणाली. "डबा एकच नेला."