तो का झोपलाय?

चैताली मॅडमच्या वर्गात नीतिशास्त्राचा तास कोणालाच जड वाटत नसे. परीक्षा तोंडावर आली होती आणि या धड्यावरचे प्रश्न हमखास मार्क देणारे. चार ओळींचा प्रसंग, खाली चार पर्याय, त्यातला एक निवडायचा. गंगापूर रोडवरच्या एका खासगी हॉस्पिटलच्या वरच्याच मजल्यावर नर्सिंग कॉलेज होतं. मुलं सकाळी खालच्या वॉर्डात ड्यूटी करायची आणि अकराच्या सुमाराला हात धुऊन वर तासाला यायची.

"प्रसंग तोच ठेवते," मॅडम म्हणाल्या. "रुग्णाला कॅन्सर आहे. घरचे म्हणतात, त्याला सांगू नका. तरी परिचारिका त्याला सांगते. विचारल्यावर म्हणते, 'स्वतःच्या आजाराबद्दलचं खरं कळणं हा त्याचा हक्क आहे. ऐकून तो खचला तरी मी खोटं बोलू शकत नाही.' कोणता विचार?"

"कर्तव्यवादी," पुढच्या बाकावरची मुलं एका सुरात म्हणाली.

"बरोबर. आता ती म्हणते, 'वेळेत कळलं तर तो औषधं नीट घेईल, घरच्यांची सोय लावून ठेवेल. त्यात सगळ्यांचंच भलं आहे.'"

"परिणामवादी."

"आणि ती म्हणाली, 'प्रामाणिक परिचारिका रुग्णासमोर तोंड लपवत नाही. मला तोंड लपवणारी व्हायचं नाही'?"

"सद्गुणवादी."

"तिन्ही वेळा तिने केलं काय? एकच. रुग्णाला सांगितलं. म्हणून कृती बघून उत्तर द्यायचं नाही. 'कारण' या शब्दापुढे काय आलंय ते बघायचं. आणि शब्दांना भुलू नका. 'हे माझं कर्तव्य आहे, कारण त्याने जास्तीत जास्त लोकांचं भलं होतं,' असं कोणी म्हटलं, तर 'कर्तव्य' बघून कर्तव्यवादी लिहाल आणि मार्क घालवाल. तिचं सगळं वजन परिणामावर आहे."

मुलांनी माना डोलावल्या. खिडकीशी बसलेल्या निकिताने मात्र मान वर केली नव्हती. ती पेनाचं टोपण उघडत होती, लावत होती. चैतालीच्या ते लक्षात आलं. पण सकाळच्या ड्यूटीनंतर मुली दमतात, एवढंच तिला वाटलं.

सनीने हात वर केला. हा मुलगा वर्गात पहिला. सराव परीक्षेत या धड्यातलं त्याचं एकही उत्तर चुकलं नव्हतं.

"मॅडम, मी एक प्रसंग सांगू? एका परिचारिकेच्या हातून औषधात चूक होते. तिच्या सहकाऱ्याला ते कळतं. रुग्ण शांत झोपलेला आहे. सहकारी कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं तर नातेवाईक घाबरतील, वॉर्डात गोंधळ होईल आणि बाकीच्या रुग्णांचे हाल होतील."

"परिणामवादी. तो फायद्यातोट्याचा हिशोब करतोय. हिशोब बरोबर आहे की नाही, हा वेगळा प्रश्न."

"हो. आणि तो सांगत नाही, कारण त्याने तिला शब्द दिलाय. काही झालं तरी शब्द मोडायचा नाही. रुग्ण शांत झोपलेला आहे."

"कर्तव्यवादी. दिलेला शब्द पाळणं, परिणाम काहीही होवो."

"आणि तो सांगत नाही, कारण खरा मित्र अडचणीत साथ सोडत नाही?"

"सद्गुणवादी. मित्राची निष्ठा हा त्याचा गुण, त्याच्या स्वभावाचा भाग."

सनीने मान हलवली, पण तो बसला नाही. निकिताच्या हातातलं टोपण थांबलं होतं.

चैताली पुढचा प्रश्न घ्यायला वळली आणि अर्ध्यातच थबकली. गेली आठ वर्षं ती असे प्रश्न रचत होती. मुलं स्वतःचे प्रसंग सांगतात तेव्हा तिन्ही वेळा कृती बदलतात. एकात सांगतात, एकात लपवतात, एकात पळून जातात. सनीने बदलली नव्हती. तिन्ही वेळा सहकारी गप्पच. आणि दुसरं म्हणजे, परीक्षेच्या प्रश्नात फुकटचा तपशील नसतो. प्रत्येक गोष्ट कोणत्या तरी पर्यायाकडे बोट दाखवते. 'रुग्ण शांत झोपलेला आहे' हे कोणत्याच पर्यायाच्या कामाचं नव्हतं. तरी त्याने ते दोनदा सांगितलं होतं.

तिने हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"तो का झोपलाय, सनी?"

सनीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मॅडम, हा प्रसंग... उदाहरण म्हणून..."

"दिवसाच्या या वेळी तो का झोपलाय?"

खिडकीशी निकिता उभी राहिली.

"इन्सुलिन," ती म्हणाली. "पुरुष वॉर्ड. पेठचे आजोबा. सकाळी सिस्टर शेजारच्या पेशंटकडे गेल्या होत्या. मीच दिलं. बाटली शंभरच्या ताकदीची होती आणि सिरिंज चाळीसच्या खुणांची. नंतर बाटली परत ठेवताना दिसलं. फक्त सनीला सांगितलं."

चैतालीला पुढचा हिशोब करायची गरज नव्हती. सांगितलेल्याच्या अडीचपट औषध अंगात गेलं होतं.

"त्यांनी नाश्ता केला?"

"नाही. सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलंय."

चैताली जिन्याने धावली. मागून सनी आणि निकिता. लिफ्ट थांबवायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. उतरताना सनी मागून बोलतच होता, "मी दोनदा जाऊन बघितलं मॅडम, ते झोपलेले दिसले, खरंच शांत दिसले." ती दोन-दोन पायऱ्या उतरत होती. इन्सुलिन जास्त गेल्यावर शांत दिसणं म्हणजे काय, ते त्याला पुस्तकातून पाठ होतं.

वॉर्डात कुलरची घरघर चालू होती. पुंजा आजोबांच्या खाटेशी त्यांची लेक भागीबाई बसली होती. तिने तोंडाशी बोट नेलं.

"हळू बोला बाई. रातभर कन्हत होते. आता कुठं डोळा लागलाय. लय गाढ झोपलेत."

चैतालीने आजोबांच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार होतं आणि घामाने चिकट झालं होतं. उशी ओली होती. तिने हाक मारली, खांदा हलवला, मग शुद्ध आहे का ते बघायला छातीवर मुठीने रगडलं. घशातून घरघरल्यासारखा आवाज आला आणि डावा हात झटके देऊ लागला.

भागीबाई उठून उभी राहिली. "काय करता? काय झालं?"

बोटातून रक्ताचा थेंब घेतला. साखर मोजायच्या मशीनने आकडा दाखवलाच नाही. नुसतं 'लो' लिहून आलं. ड्यूटीवरचे डॉक्टर पळत आले. शिरेतून ग्लुकोज सुरू झालं. एक सिरिंज, मग दुसरी. निकिता भिंतीला टेकून उभी होती. कोणी तिला सलाइनची बाटली धरायला सांगितली, तर तिने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली, लहान मूल धरावं तशी.

बऱ्याच वेळाने आजोबांचे डोळे उघडले. भागीबाई रडतच त्यांच्यावर वाकली. "बाबा!" आजोबा तिच्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात ओळख नव्हती.

डॉक्टरांनी चैतालीला बाजूला घेतलं. "साखर वर आलीय. पण मेंदू किती वेळ उपाशी होता, कोणास ठाऊक. सकाळीच कळलं असतं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. आजोबांना अतिदक्षता विभागात हलवलं.

दुपारी उपप्राचार्य महेश सरांनी चैतालीला आपल्या खोलीत बोलावलं. त्यांनी तिला पाणी दिलं, दार लावलं. आवाज मऊ होता.

"पेशंट स्थिर आहे. म्हातारा माणूस, जुनी शुगर. असं कधीकधी आपोआपही होतं. नातेवाइकांना आत्ता आणखी त्रास कशाला? बाहेर कळलं तर पेठ-सुरगाण्याकडची माणसं इथे यायला घाबरतील. त्यांना दुसरं कोण आहे? दोन मुलांचं आयुष्य जाईल. संस्थेप्रती तुमचं काही कर्तव्य आहे, मॅडम."

चैतालीच्या डोक्यात सवयीने उत्तर उमटलं: परिणामवादी, 'कर्तव्य' हा शब्द फसवा. पूर्ण मार्क. ओळखता आलं, पण त्याने काय झालं? तेवढ्याने त्यांचं बोलणं चूक ठरत नव्हतं. सकाळी सनीच्या तिन्ही कारणांना तिने अशीच झटपट नावं दिली होती. तिन्ही बरोबर. आणि ती नावं देत होती, तेव्हा खाली एक माणूस थंड पडत चालला होता. कोणतं कारण कोणत्या खणात जातं, हे तिने मुलांना शिकवलं होतं. कारण चांगलं की वाईट, हे परीक्षेत कोणी विचारत नाही, म्हणून तिने कधी थांबून विचारलंच नव्हतं.

"सर, सगळ्यांचं भलं मोजताना तुम्ही भागीबाईंना धरलंत का?" तिने विचारलं.

"भावनेच्या भरात बोलू नका."

"नाही. सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलेले पेशंट अजून आहेत. त्याच कपाटात दोन्ही ताकदीच्या बाटल्या शेजारी ठेवल्यात. आज हे लिहून ठेवलं नाही, तर उद्या दुसरी निकिता तीच बाटली उचलेल."

महेश सरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "तुम्ही सांगितलंत, तर तुमच्या नोकरीचं मी काही सांगू शकत नाही." त्यांनी आवाज तसूभरही चढवला नाही. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

ती बाहेर आली तेव्हा सनी आणि निकिता जिन्याशी बसले होते. ती अतिदक्षता विभागाकडे चालू लागली. मागून त्यांच्या चपलांचा आवाज आला. ती थांबली नाही.

भागीबाई दाराबाहेर जमिनीवर बसली होती. मांडीवर आजोबांचं उपरणं होतं, घडी घातलेलं. चैताली तिच्यासमोर खाली बसली आणि जे झालं ते साध्या शब्दांत सांगितलं. औषध जास्त गेलं. चूक आमची. तुमचे वडील झोपले नव्हते, बेशुद्ध होत होते.

भागीबाईने सगळं ऐकून घेतलं. उपरण्याची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"म्या बसले होते न तिथं," ती म्हणाली. "वारा घालत होते. म्हटलं, झोपू दे." मग तिने मान वर केली. "सकाळपास्नं कोनाला ठावं होतं?"

चैताली उत्तर द्यायला तोंड उघडणार, इतक्यात सनी पुढे आला.

"मला," तो म्हणाला.

"मंग सांगितलं का नाय?"

सनीने तोंड उघडलं. त्याच्याकडे तीन कारणं होती, तिन्ही त्याने वर्गात स्वच्छ मांडली होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. भागीबाई वाट बघत राहिली. तिला खरंच उत्तर हवं होतं. कॉरिडॉरमधून औषधांची गाडी खडखडत गेली, आतल्या यंत्राची टिकटिक ऐकू येत राहिली, आणि तो तसाच उभा राहिला.

कपाटातल्या बाटल्या त्याच संध्याकाळी वेगळ्या केल्या गेल्या. चैतालीला पुढल्या आठवड्यापासून वर्गावर येऊ नका असं सांगण्यात आलं. चौकशी व्हायची होती. निकिताने परीक्षा दिली नाही. सनीने दिली.

पुंजा आजोबा आठ-दहा दिवसांनी घरी गेले, स्वतःच्या पायांनी. चैताली त्यांना बघायला मुद्दाम आली होती. फाटकाशी पेठला जाणारी जीप उभी होती. आजोबांनी चढताना भागीबाईचा हात धरला, तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि अगदी अदबीने, परक्या बाईशी बोलावं तसं विचारलं, "बाई, तुमी कोनच्या गावच्या?"

"तुमच्याच," भागीबाई म्हणाली आणि त्यांना आत बसवून शेजारी बसली.