बेल वाजवू नये

घरात भावंडं दोनच. ताई थोरली, म्हणून हा धाकटा. पंचेचाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, शहरातली बस चालवता चालवता कंबर धरली, तरी नातेवाइकांत तो धाकटाच राहिला. लग्न राहून गेलं होतं. ताई लांबच्या गावी संसारात अडकलेली. अर्धांगवायूनं अंथरूण धरलेली आई आणि विसरत चाललेले बाबा, दोघंही धाकट्याच्या पदरी होते.

त्या घरात एका यंत्रावर सगळं तोललेलं होतं, ते म्हणजे कपडे धुण्याचं मशीन. आईच्या अंगाखालच्या चादरी दिवसातून दोनतीनदा बदलाव्या लागत. ओल गादीपर्यंत जाऊ न देणाऱ्या, जाड अशा दोन चांगल्या चादरी होत्या. एक अंथरायची, एक धुवायची. त्या दिवशी नेमक्या दोन्ही एकदम खराब झाल्या, दोन्ही मशीनमध्ये गेल्या आणि मशीन मध्येच बंद पडलं. पोटात पाणी भरलेलं, आणि पाणी आहे तोवर दार उघडत नाही. काचेमागे चादरी गढूळ पाण्यात तरंगत राहिल्या. खालची झडप उघडून जाळीची फिरकी काढून पाहा, पाणी बाहेर येईल, असं हेल्पलाइनवाल्यांनी सांगितलं. धाकट्यानं तिच्याशी झटापट केली. तळहात सोलवटला, फिरकी तसूभर हलली नाही.

टेक्निशियनची भेट ठरली. दुपारी बारानंतर माणूस येईल म्हणाले. आईचं बघायला येणारी बाई दुपारपर्यंतच असते, पण बाबा घरात असतात ना, दार उघडतील, असं धाकटा धरून चालला. संध्याकाळी घरी आला तर मशीन तसंच. फोनवर मेसेज होता : ग्राहकानं सेवा नाकारली, तक्रार बंद. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, कोणीच आलं नव्हतं.

धाकट्यानं पुन्हा फोन केला, पुन्हा भेट ठरवली. या वेळी सकाळची, बाई असताना. एकदा सेवा नाकारली गेली की पुढच्या वेळी टेक्निशियन निघण्याआधी ग्राहकाच्या मोबाइलवर फोन करतो आणि ग्राहकानं उचलला तरच येतो, हे त्याला कोणी नीट सांगितलं नव्हतं. तो त्या वेळी भरल्या बसचं स्टिअरिंग धरून चौकात उभा होता. गाडी चालवताना फोनला हात लावला तर नोकरी जाते. खिशात फोन थरथरून थरथरून गप्प झाला. शेवटच्या थांब्यावर पाहतो तो काय, ‘ग्राहकाशी संपर्क झाला नाही’, तक्रार पुन्हा बंद.

मधल्या काळात बाजारातून साध्या चादरी आणल्या होत्या. त्या क्षणात भिजत आणि ओल गादीपर्यंत जाई. लाँड्रीवाल्यानं पिशवीचं तोंड उघडलं आणि पुन्हा बांधून परत दिलं. मग ड्युटीवरून आला की धाकटा न्हाणीत बसून हातानं धूत बसे. साबणानं बोटांना भेगा पडल्या, स्टिअरिंग धरलं की त्या उलत. ओल्या चादरी वाळत नसत. घरभर एक वास भरून राहिला होता. आपल्या शर्टालाही तो येतो की काय, या धास्तीनं तो डेपोत इतरांपासून लांब बसून डबा खायचा.

आणि मग नर्स आली. आठवड्यातून एकदा येऊन ती आईला तपासून जायची. तिनं आईला कुशीवर वळवलं, कमरेखाली पाहिलं आणि धाकट्याला स्वयंपाकघरात बोलावलं.

“कातडी लाल झालीय,” ती म्हणाली. “अजून फुटलेली नाही. पण अंग असंच ओलं राहिलं तर फुटेल. मग घरी ठेवता येणार नाही, भरती करावं लागेल.”

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या भरतीतून आई निम्मी होऊन घरी आली होती. आता गेली तर परत येईलच असं कोण छातीवर हात ठेवून सांगणार?

नर्स गेल्यावर त्यानं तिथंच ओट्याला टेकून हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजत राहिलं. मग एका मुलीचा आवाज आला. तिनं तक्रारीचा क्रमांक विचारला, नोंद पाहिली आणि म्हणाली की दोन भेटी वाया गेल्या आहेत, त्यामुळे आता पुढची मोकळी वेळ थेट पुढच्या आठवड्यात आहे. धाकट्यानं विनवण्या केल्या. खूप गरज आहे, घरात आजारी माणूस आहे. असं सगळेच सांगतात, हे तिनं तोंडानं म्हटलं नाही, पण तिच्या ‘समजू शकते सर’मध्ये ते स्वच्छ ऐकू आलं.

मग तिनं साधा प्रश्न विचारला. “सर, पहिल्या भेटीत घरात माणूस होतं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. का, ते कळेल?”

हा प्रश्न धाकटा दोन वर्षं चुकवत आला होता. ताईला त्यानं अर्धंच सांगितलं होतं, शेजारपाजाऱ्यांना काहीच नाही. बाबांच्या बाबतीत झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याचं धोरण. आता मूठ उघडल्याशिवाय गत नव्हती.

“माझे वडील,” तो म्हणाला. “त्यांच्या लक्षात राहत नाही. कोण आलं, कशाला आलं, कळत नाही. घरात असले तरी ते कोणाला दार उघडणार नाहीत.”

बोलता बोलता तो वळला आणि बाबा दारात उभे दिसले. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली, एक हात चौकटीवर. त्यांनी सगळं ऐकलं होतं. धाकट्याला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

“मी मुद्दामच उघडलं नाही,” बाबा म्हणाले. आवाज अगदी शांत. “फटीतून पाहिलं, निळे कपडे होते, हातात पेटी होती. हिला न्यायला आले होते. मागच्या वेळी मी उघडलं, तर घेऊन गेले.”

मागच्या वेळी अॅम्ब्युलन्सबरोबर आलेली माणसं निळ्याच कपड्यांत होती. जेवलो की नाही हे ज्यांच्या ध्यानात राहत नाही, त्यांनी तेवढं मनात धरून ठेवलं होतं. त्या दिवसापासून हा म्हातारा दाराशी पहारा देत होता, आणि लेक मात्र मनातल्या मनात त्यांच्यावर चरफडत होता.

फोन अजून चालूच होता. मुलीनंही ऐकलं असावं. ती पुन्हा बोलली तेव्हा आवाजातला ठरावीकपणा गेला होता. “सर, मी विचारते तसं एकेक सांगा. सगळं शेऱ्यात लिहिते आणि सुपरवायझरकडे तातडीची म्हणून पाठवते. वेळ द्यायचं त्यांच्या हातात आहे, पण मी पाठपुरावा करते.”

धाकट्यानं सांगितलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मशीन न्हाणीच्या कोपऱ्यात, नळ आणि प्लग दोन्ही हाताशी. पोटात पाणी आहे, दार लॉक आहे, जाळीची फिरकी अडकली आहे, तेव्हा पाणी काढायचं साहित्य आणि पाणी बाहेर फेकणारा पंप बरोबर आणावा. आई अंथरुणाला खिळलेली, जखम व्हायची भीती आहे, झाली तर भरती करावं लागेल असं नर्सनं सांगितलं आहे. मोबाइल ड्युटीवर उचलता येत नाही, म्हणून दुसरा नंबर समोरच्या काकूंचा. हा नंबर देताना काकूंना अजून विचारलेलं नव्हतं.

“आणि बेल वाजवू नये,” तो शेवटी म्हणाला. “खाली येऊन फोन करावा. शक्य असेल तर निळा शर्ट नको.”

“गणवेश सक्तीचा असतो सर. पण वरून दुसरं काही घालता येईल का, ते लिहिते,” मुलगी म्हणाली. मग तिनं सगळं वाचून दाखवलं.

तो तसाच समोरच्या घरी गेला आणि उंबऱ्यावर अडखळत सगळं सांगू लागला. काकूंनी त्याला मध्येच थांबवलं. “अरे, तुझे बाबा रोज दुपारी माझ्याकडे येऊन मला विचारतात, तुमचं लग्न ठरलं का? मला नातवंडं आहेत. मला काय कळत नाही होय? तू सांगशील म्हणून वाट बघत होते.” आणि त्यांनी नंबर द्यायला आनंदानं होकार दिला.

रात्री जेवायच्या वेळेला मेसेज आला : उद्या सकाळची पहिली वेळ. धाकट्याची उद्या सकाळची पाळी होती. त्यानं डेपोतल्या पैलवानाला फोन केला. पैलवान हा नावाचाच पैलवान, फुंकर मारली तर उडेल असा, पण मनानं दांडगा. पाळी बदलून देशील का, एवढंच धाकट्यानं विचारलं. पैलवान म्हणाला, “देतो. आणि उद्यापासून डबा आमच्याबरोबर खा. उगाच कोपऱ्यात बसतोस ते.” डेपोच्या साहेबांची परवानगी त्यानंच काढली.

सकाळी काकूंचा आणि धाकट्याचा फोन एकापाठोपाठ एक वाजला. धाकटा खाली उतरला. टेक्निशियन पोक्त वयाचा गृहस्थ होता, गणवेशावर राखाडी स्वेटर घातलेला, उकाड्यानं घामाघूम. शेरा वाचला म्हणाला. पेटी त्यानं धाकट्याच्या हातात दिली आणि मोकळ्या हातांनी वर आला.

बाबा आईच्या खोलीच्या दारात आडवे उभे राहिले. टेक्निशियननं त्यांना नमस्कार केला, खोलीकडे पाहिलंही नाही, सरळ न्हाणीत गेला. प्लग काढला, नळ बंद केला, झडपेखाली पसरट ट्रे सरकवला आणि पकडीनं फिरकीला हळूहळू पीळ दिला. फिरकी करकरत सुटली. पाणी भळभळ आलं, ट्रे भरला, ओतला, पुन्हा भरला. घरभर असा वास सुटला की काकूंनी आपली खिडकी लावून घेतली. जाळीत चादरीच्या काठाचा दोऱ्यांचा गुंता बसला होता, त्यातच पंप अडून जळून गेला होता. बरोबर आणलेला पंप या मशीनला बसेना. नवीन मागवावा लागणार होता.

धाकट्याचा चेहरा पडला. पण पाणी निघाल्यामुळे दार आता उघडणार होतं. झडपेच्या आत एक छोटी पट्टी होती, ती ओढताच खट्‌ असा आवाज झाला आणि दार सुटलं.

टेक्निशियननं फोनवर पुढची भेट तिथंच नोंदवली, सुटा भाग हाती आला की सकाळची पहिली वेळ, माणूस हाच. धाकट्यानं विचारलं, दुसरा कोणी आला तर? “मीच येईन,” तो म्हणाला. “या घरी नवीन तोंड नको.” बाबा अजून खोलीच्या दारातच होते. जाताना त्यानं त्यांना विचारलं, “आजोबा, परत येऊ ना?”

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “एकटेच या,” ते म्हणाले. “गाडी आणू नका.”

तो गेल्यावर धाकट्यानं आंबलेल्या त्या दोन चादरी गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुतल्या. पिळायला एकट्याचे हात पुरेनात, म्हणून बाबांना हाक मारली. त्यांनी दुसरं टोक धरलं आणि लेक पिळत होता त्याच बाजूला जोर लावून पिळू लागले. चादर नुसतीच गोल फिरत राहिली.

“उलट, बाबा,” धाकटा म्हणाला. “तुम्ही उलट पिळा.”

“तूच उलट पिळ की,” बाबा म्हणाले.

धाकट्यानं दिशा बदलली. पाणी धो धो खाली पडलं. आत आईनं कण्हत कूस बदलायचा प्रयत्न केला. बदलून घेतलेल्या पाळीला अजून थोडा अवकाश होता. पिळलेली चादर घेऊन, ती वाळेल एवढं ऊन आहे का हे बघायला तो गच्चीकडे धावला.